‘टीमने केलं’ म्हणजे नेमकं कोणी?

गणेशोत्सवातल्या कार्यक्रमाचा शेवट आठवून पाहा. मंडळाचे सेक्रेटरी माईक हातात घेतात, मंडपवाल्यापासून नगरसेवकापर्यंत पंचवीस नावं वाचतात आणि शेवटी ठरलेलं वाक्य येतं: अनवधानाने कोणाचं नाव राहून गेलं असल्यास मोठ्या मनाने माफ करावं. तोवर मागे खुर्च्यांच्या चळती लागायला लागलेल्या असतात. त्याच मंडळाने नाटक बसवलं असेल, तर त्याच्या सुरुवातीला होणारी घोषणा मात्र वेगळी असते. नेपथ्य अमुक, प्रकाशयोजना तमुक, रंगभूषा, वेशभूषा, पार्श्वसंगीत. तिथे प्रत्येक नावापुढे एक काम असतं. दुसऱ्या अंकात दिवा चुकला तर कोणाकडे बघायचं आणि पाऊस खरा वाटला तर कोणाची पाठ थोपटायची, हे प्रेक्षकाला कळतं.

ऑफिसात एखादं मोठं काम पार पडलं की वरिष्ठांना जो मेल जातो, तो बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचा असतो. ‘संपूर्ण टीमच्या अथक प्रयत्नांमुळे’ अशी सुरुवात, खाली सात-आठ नावं स्वल्पविराम देऊन ओळीने, आणि धन्यवाद. पुण्यात सॉफ्टवेअरच्या टीम सांभाळताना मी स्वतः असे मेल ढिगाने पाठवले आहेत. आपण नम्र आहोत आणि सगळ्यांना सामावून घेतोय, असं वाटायचं. वाचणाऱ्या डायरेक्टरच्या बाजूने पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की त्या मेलमधून त्याला एकाच माणसाचं काम कळत होतं. ते म्हणजे मेल पाठवणाऱ्याचं.

नाव न घेतलेलं श्रेय सगळ्यांत सारखं वाटलं जात नाही. वाचणाऱ्याला आधीपासून जो माहीत आहे, ज्याच्याकडून त्याची अपेक्षा आहे, त्याच्या खात्यात ते जमा होतं. मॅडलिन हाइलमन आणि मिशेल हेन्स यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेले प्रयोग याच मुद्द्यावरचे आहेत. एका पुरुषाने आणि एका स्त्रीने मिळून एक काम यशस्वी केलं, एवढंच लोकांना सांगितलं. मग दोघांची कुवत आणि कामातला वाटा किती, असं विचारलं. त्या बाईला कमी गुण मिळाले. तिने स्वतः काय केलं हे स्पष्ट सांगितलं, की हा फरक मावळायचा. ‘दोघांनी मिळून केलं’ हे वाक्य खोटं नव्हतं. त्यातली रिकामी जागा मात्र वाचणाऱ्याने आपल्या समजुतीने भरून काढली.

मराठीत ही रिकामी जागा फारच सहज तयार होते. ‘इम्रानने चूक शोधली’ या वाक्यातून ‘इम्रानने’ काढा. ‘चूक शोधली’ उरतं. क्रियापद चुकीशी जुळलेलं असल्यामुळे वाक्य तसंच उभं राहतं, काही गेल्यासारखं कानाला जाणवतही नाही. त्यात ‘करण्यात आले’ची सरकारी सवय आपल्याला शाळेपासून लागलेली. इंग्रजी मेलमध्येही आपण हीच कर्त्याविना वाक्यं घेऊन जातो. वर आणखी एक गंमत होते. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत, ऐकणारा आत की बाहेर ते लगेच कळतं. इंग्रजीत दोघांना एकच शब्द. ‘We decided’ असं लिहिल्यावर डायरेक्टर स्वतः त्या निर्णयात होते का, हे त्यांनाच आठवून बघावं लागतं.

आता एक काम घेऊन बघू. सांगाडा खऱ्या कामाचा आहे, माणसांची नावं आणि आकडे माझे. दुकानदारांना ऑनलाइन पैसे घेण्याची सोय देणारी एक कंपनी. रात्री एक वाजता हिशोबजुळणी सुरू होते, म्हणजे दिवसभराचे व्यवहार बँकेच्या फाइलशी ताडून बघायचे आणि सकाळी सातला प्रत्येक दुकानदाराला रिपोर्ट पाठवायचा. या जुळणीला साडेपाच तास लागत. कधी सहाच्या वर जात आणि मग सातची वेळ चुके. तीन महिन्यांच्या कामानंतर ती 40 मिनिटांवर आली. हे वर कळवायचं आहे.

मेल लिहायच्या आधीचं काम जास्त महत्त्वाचं, कारण इथे आपली आठवण दगा देते. मायकल रॉस आणि फिओर सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये नवराबायकोंना वेगवेगळं बसवून विचारलं होतं, की घरातल्या कोणत्या कामात किती वाटा तुमचा? दोघांची उत्तरं एकत्र केली तर बेरीज पुष्कळदा शंभर टक्क्यांच्या पुढे जाई. याला नुसती बढाई म्हणता येत नाही, कारण भांडण उकरून काढण्यासारख्या नावडत्या गोष्टींतही लोक आपला वाटा जास्त सांगत. आपण केलेलं काम आपल्याला आतून दिसलेलं असतं, दुसऱ्याचं फक्त झाल्यावर दिसतं. म्हणून आठवणीवर न विसंबता मी आधी नोंदी उघडतो. तिकिटं, रिव्ह्यूतल्या टिपण्या, टीमचं चॅट, आणि कोडचा इतिहास:

```
git shortlog -sn v4.2..v5.0
```

दोन आवृत्त्यांच्या मध्ये कोणाचे किती कमिट आहेत, ते ही आज्ञा मोजून देते. आमच्या या कामात रोहनचे 61, कविताचे 9, इम्रानचे 4. डेटाबेस टीमची अपर्णा आणि सपोर्टची स्नेहा यांचा एकही नाही. हा तक्ता मेलमध्ये चिकटवला असता तर आकडे बरोबर आणि चित्र चूक, असं झालं असतं. महिनाभर सगळ्यांना चकवणारं कारण इम्रानने शोधलं होतं. व्यवहार क्रमांक एका टेबलात आकडा म्हणून आणि दुसऱ्यात अक्षरं म्हणून साठवला होता. दोन्हींची तुलना करताना डेटाबेस इंडेक्सला हातच लावत नव्हता, प्रत्येक वेळी अख्खं टेबल वाचत होता. हे सापडल्यावर त्याने स्वतः केलेला बदल अगदी छोटा होता. कमिट मोजणं म्हणजे विहीर कोणी खणली ते कुदळीच्या घावांवरून ठरवणं. पाणी कुठे लागेल ते सांगणारा त्यात येत नाही.

लिनक्सचं कर्नल लिहिणाऱ्यांनी यावर जुना, साधा तोडगा काढलेला आहे. तिथे बदलाच्या नोंदीखाली लिहिणाऱ्याबरोबर इतरांच्याही ओळी येतात. `Reported-by:` म्हणजे अडचण कळवणारा, `Tested-by:` चाचणी करणारा, `Reviewed-by:` तपासणारा, `Suggested-by:` कल्पना देणारा. गिटवर दोघांनी मिळून लिहिलं असेल तर `Co-authored-by:` ही ओळ चालते. विज्ञानाच्या निबंधांसाठी ‘क्रेडिट’ नावाची अशीच 14 भूमिकांची यादी आहे, ती 2022 मध्ये अमेरिकेत अधिकृत मानक झाली. मेलमध्ये या खुणा टाकायच्या नसतात. त्यांच्यातून क्रियापदं मात्र उचलता येतात, आणि हा सगळा मामला क्रियापदांचाच आहे. लक्षात आणून दिलं, कारण शोधलं, सुचवलं, आराखडा केला, लिहिलं, पडताळलं, चालू सिस्टीमवर चढवलं, निर्णय घेतला. ही आठ कामं आठ वेगवेगळ्या माणसांची असू शकतात.

या यादीत मी ‘मदत केली’ मुद्दाम घातलेलं नाही. ‘कविताने चाचणीत मदत केली’ असं लिहिलं की चाचणी दुसऱ्याच कोणाची होती, ही पाहुणी म्हणून आली, असा अर्थ होतो. प्रत्यक्षात कविताने मागच्या तीन महिन्यांचा डेटा जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धतींनी चालवला आणि एकेक रक्कम ताडून पाहिली. ग्राहकाने माल परत केल्यावर जी रक्कम वजा व्हायला हवी, ती नव्या कोडमध्ये दोनदा वजा होत होती. ती तिला सापडली. याला मदत म्हणत नाहीत. माझ्या एका जुन्या मेलमध्ये मी असंच एकीच्या कामाचं ‘समन्वय साधला’ करून टाकलं होतं. वर्षअखेरीला सगळे मॅनेजर एकत्र बसून माणसांच्या श्रेणी ठरवतात त्या बैठकीत कोणीतरी विचारलं, “म्हणजे मीटिंगा लावायची का ती?” तेव्हा तोंडी खुलासा केला, पण लेखी मेल सर्वांसमोर होता. तेव्हापासून मेल पाठवण्यापूर्वी प्रत्येक नावापुढची क्रियापदं वेगळी काढून वाचतो. एखाद्याच्या वाट्याला फक्त ‘सहकार्य’, ‘पाठबळ’, ‘समन्वय’ आलं असेल, तर दोनच शक्यता उरतात. त्याने खरंच काही केलेलं नाही, किंवा त्याने काय केलं ते मला माहीत नाही. बहुतेक वेळा दुसरीच खरी निघते.

विशेषणांचंही तसंच. ‘मोलाचं योगदान’, ‘जीव ओतून काम’ यातून कौतुक कळतं, काम कळत नाही. शिवाय पाच जणांना पाच विशेषणं वाटायला बसलं की कोणाला ‘अमूल्य’ आणि कोणाला नुसतं ‘मोलाचं’ हा नवा पेच उभा राहतो. बढाईचा वास बहुतेक वेळा विशेषणांनाच येतो. ‘अत्यंत गुंतागुंतीचं कारण मी शोधून काढलं’ यात खटकतं ते ‘मी’ नव्हे, ‘अत्यंत गुंतागुंतीचं’. ‘काम दोन टप्प्यांत करायचं मी ठरवलं’ हे कोणाला खुपत नाही. स्वतःचं वाक्य इतरांच्याच साच्यात बसवायचं: माणूस, क्रियापद, काय केलं. आपलं काम गाळणारे सज्जन लोकही बरेच भेटतात. पण मेलमधून ते गळलं, की निर्णय कोणाचा होता आणि पुढचा प्रश्न कोणाला विचारायचा, हे वरच्या माणसाला कळत नाही. माझ्या वाट्याची अशी दोन कामं होती, आणि एक चूक. पहिल्या टप्प्याची तारीख मी महिनाअखेरीला ठेवली, नेमकी गर्दी तेव्हाच असते, आणि एक दिवस रिपोर्ट दोन तास उशिरा गेला. मी घेतलेल्या निर्णयाची चूक माझ्या नावानेच गेली पाहिजे. रक्कम दोनदा वजा होण्याची चूक मात्र कोणाच्या नावावर लिहायची नाही. ती रिलीजआधी पकडली गेली, पकडणारीचं नाव पुरे.

मसुदा झाला की तो अख्खा फिरवत नाही. ज्याचं त्याचं वाक्य त्याला चॅटवर पाठवतो आणि विचारतो, हे बरोबर आहे का, काही जास्त-कमी आहे का? याला अर्धा दिवस जातो आणि बहुतेक वेळा एक तरी वाक्य बदलतं. या वेळी तीन बदलली.

डेटाबेस टीमची अपर्णा म्हणाली, “अरे, पद्धत मी आखली असं नको लिहूस. चालू सिस्टीम न थांबवता टेबल बदलायची ही रीत आमच्याकडे आधीपासून आहे. मी ती तुमच्या टेबलांना बसवून दिली. आणि दोन दिवस थांब. मी यावर इतका वेळ घातला हे माझ्या मॅनेजरला माहीत नाही, आधी त्याच्या कानावर घालते.” दुसऱ्या टीमच्या माणसाचं नाव घेताना ही अडचण हमखास असते. आपल्याला वाटतं आपण कौतुक करतोय, आणि तिकडे प्रश्न उभा राहतो की हिने आपलं ठरलेलं काम सोडून हे कधी केलं. थांबलो. दोन दिवसांनी तिच्या मॅनेजरलाही मेलच्या प्रतीत घेतलं.

सपोर्टची स्नेहा म्हणाली, “मी काय केलं? एक एक्सेल तर पाठवली!” पण त्या एक्सेलमध्ये चार महिन्यांच्या तक्रारी दुकानदारांप्रमाणे लावलेल्या होत्या. उशीर सगळीकडे नाही, एकाच बँकेकडून आलेल्या व्यवहारांत आहे, हे तिथे दिसलं, आणि म्हणून इम्रानने त्या टेबलात पाहिलं. माणसं स्वतःचं काम कमी करूनही सांगतात. अशा वेळी आग्रह मोठ्या शब्दाचा धरू नये, नेमक्या शब्दाचा धरावा. ‘तक्रारींच्या नोंदी लावून दाखवलं’ हे तिलाही पटलं, कारण ते तिने केलंच होतं.

तिसरी दुरुस्ती इम्रानने सुचवली, आणि तीही स्वतःच्या वाक्याची नव्हे. रोहनने त्याला आपलं वाक्य दाखवलं होतं. “माझं वाक्य दोन ओळींचं आणि रोहनचं चार शब्दांचं. सहा आठवडे तो एकटा कोड लिहीत होता.” हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. कारण शोधण्याची गोष्ट सांगायला रंजक असते, म्हणून ती लांबते. ‘नवा कोड रोहनने लिहिला’ यात सांगण्यासारखं काही नसतं, म्हणून ते आटोपतं. वाचणारा मात्र वाक्याच्या लांबीवरून कामाचं माप काढतो. टक्केवारी देऊन हे सुटत नाही, ती कोणालाच पटत नाही. काळ किंवा आवाका एका शब्दसमूहात सांगितला की पुरतं.

शेवटी मेल असा झाला. गेला अर्थात इंग्रजीतून, इथे मराठीत देतो. वरिष्ठ माणूस तो फोनवर वाचणार, तेव्हा निकाल पहिल्या ओळीत आणि नावं कामाला चिकटून. खाली आभारांची यादी नाही.

विषय: रात्रीची हिशोबजुळणी आता 40 मिनिटांत, एक धोका बाकी

“रात्रीची हिशोबजुळणी 3 तारखेपासून साधारण 40 मिनिटांत पुरी होते आहे, आधी तिला साडेपाच तास लागत. तेव्हापासून सकाळी 7 चा रिपोर्ट एकदाही चुकलेला नाही.

उशीर एकाच बँकेच्या व्यवहारांत आहे, हे सपोर्टच्या स्नेहाने तक्रारींच्या नोंदी लावून दाखवलं. त्यावरून इम्रानने मूळ कारण शोधलं: दोन टेबलांत व्यवहार क्रमांक वेगवेगळ्या प्रकारे साठवला असल्याने इंडेक्स वापरला जात नव्हता. चालू सिस्टीम न थांबवता टेबल बदलण्याची डेटाबेस टीमची पद्धत अपर्णाने या टेबलांना बसवून दिली. जुळणीचा सगळा नवा कोड रोहनने सहा आठवड्यांत एकट्याने लिहिला. कविताने तीन महिन्यांचा जुना डेटा दोन्ही पद्धतींनी चालवून ताडला आणि परताव्याच्या रकमेतली चूक रिलीजआधी पकडली.

काम दोन टप्प्यांत करायचं मी ठरवलं, आणि बँकेशी फाइलच्या वेळेबद्दल बोलून ती अर्धा तास अलीकडे आणली. पहिला टप्पा महिनाअखेरीला ठेवण्याचा माझा निर्णय चुकला, त्या दिवशी रिपोर्ट दोन तास उशिरा गेला.

बाकी धोका: दिवाळीत व्यवहार दुप्पट झाले तर किती वेळ लागेल ते अजून मोजलेलं नाही. ती चाचणी कविता याच महिन्यात करते आहे, तपशील तिच्याकडे.”

यात ‘आम्ही’ एकदाही आलेलं नाही. ते टाळायचंच असा नियम नाही. सगळ्यांनी मिळून रात्र जागवली असेल तर ‘आम्ही’च खरं. ‘मी’ आणि ‘माझा’ एकेकदाच आहेत, दोन्ही एकाच परिच्छेदात, आणि ‘माझा’ चुकीसाठी. शेवटची ओळ मला सगळ्यांत उपयोगाची वाटते. झालेल्या कामाबरोबर पुढच्या कामावरही नाव आलं, म्हणजे प्रश्न माझ्याकडून फिरून न जाता थेट तिच्याकडे जाईल. तसंच झालं. डायरेक्टरचं उत्तर कविताच्या नावे आलं: जुना डेटा ताडायची ही रीत परताव्यांच्या दुसऱ्या सिस्टीमला लावता येईल का?

एवढी चाळणी लावूनही एक नाव सुटलं. दोन्ही रिलीजच्या रात्री मशीनवर नजर ठेवायला बसलेला सचिन. तो कंत्राटी, आमच्या चॅटमध्ये नाही, तिकिटांत नाही, त्यामुळे मी ज्या ज्या नोंदी उघडल्या त्यातल्या एकीतही नव्हता. दुसऱ्या रात्री अडीचला जुळणी अडकली, तेव्हा ठरलेल्या पायऱ्यांनी ती मागे नेऊन पुन्हा सुरू केली ती त्यानेच. मला रोहनने चहाच्या टपरीवर सांगितलं. कंत्राटी माणसाचं नाव लेखी घ्यावं की नाही याचे नियम कंपनीगणिक वेगळे असतात, म्हणून आधी त्याच्या सुपरवायझरला फोन केला. नाव घ्यायला त्याची ना नव्हती. मग त्याच मेलला, त्याच सगळ्या लोकांना तीन ओळी पाठवल्या:

“कालच्या मेलमध्ये एक काम राहिलं. दुसऱ्या रिलीजच्या रात्री 2.30 ला जुळणी अडकली होती. रात्रपाळीच्या सचिनने ती मागे नेऊन पुन्हा सुरू केली, म्हणून त्या सकाळचा 7 चा रिपोर्ट वेळेत गेला.”